बोअरच्या पाण्याने कडक झालेला टॉवेल: दोष कुठे आणि उपाय किती

दोरीवरून काढलेला टॉवेल हातात काठीसारखा उभा राहतो, अंगाला लावला की ओरबाडतो आणि एवढं करून पाणीही धड टिपत नाही. यावर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच उपाय असतो: धुताना कपभर व्हिनेगर टाका. काही घरांत तो छान लागू पडतो. काही घरांत महिनोन्‌महिने टाकूनही टॉवेल होता तसाच राहतो. व्हिनेगर दोन्हीकडे सारखंच असतं, फरक असतो नळाला येणाऱ्या पाण्यात. हा लेख मुख्यतः दुसऱ्या प्रकारच्या घरांसाठी आहे, म्हणजे जिथे बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येतं आणि मशीनच्या ड्रमपासून गिझरच्या कॉइलपर्यंत सगळीकडे पांढरा थर दिसतो.

आधी टॉवेलची रचना पाहू, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. आपण ज्याला टर्किश टॉवेल म्हणतो त्याच्या दोन्ही बाजूंना सुताचे उभे फासे असतात. मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन वेगळे रूळ लावलेले असतात. एका रुळावरचा ताणा घट्ट ओढलेला असतो, त्यातून कापडाचा पाया विणला जातो. दुसऱ्या रुळावरचा ताणा सैल सोडतात. आडवे धागे आधी थोडे मागे ठेवून मग एकदम पुढे ठोकले की हा सैल ताणा कापडाबाहेर उचलला जातो आणि फासा तयार होतो. सोलापुरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, आणि तिथल्या चादरीप्रमाणे तिथल्या टर्किश टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. या फाशांच्या सुताला पीळ कमी दिलेला असतो. त्यामुळे तंतू मोकळे राहतात, आणि पाणी तंतूंच्या मधल्या बारीक फटींत ओढलं जाऊन तिथेच धरून ठेवलं जातं. फासे मोकळे आणि उभे असले तर टॉवेल मऊ लागतो, आणि तंतूंमधल्या फटी मोकळ्या असल्या तर तो पाणी टिपतो. फासे एकमेकांना चिकटले तर मऊपणा जातो. फटी बुजल्या किंवा तंतूंवर तेलकट थर बसला तर टिपण्याची ताकद जाते. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि एकीवरचा उपाय दुसरीला वाढवूही शकतो.

पाणीच चिकटवतं तेव्हा

कडकपणाचं सगळ्यात निरुपद्रवी कारण आधी बाजूला काढू. अगदी शुद्ध पाण्यात धुतलेला, साबणाचा कणही नसलेला सुती टॉवेल वारा नसलेल्या जागी वाळवला तरी थोडा कडक होतो. कापूस आपल्याला कोरडा वाटतो तेव्हाही त्यात साधारण 7-8 टक्के ओलावा असतोच. जपानमधली काओ ही कंपनी आणि होक्काइदो विद्यापीठ यांच्या संशोधकांनी 2020 साली प्रसिद्ध केलेल्या कामात दाखवलं की तंतूंच्या पृष्ठभागाला बांधलेलं हे पाणी साध्या पाण्यासारखं वागत नाही. ते शेजारच्या तंतूंना एकमेकांशी जोडून ठेवतं, जणू पातळ खळ लावल्यासारखं. काओ स्वतः कपडे धुण्याची उत्पादनं विकते, हे लक्षात ठेवूनही हा मुद्दा पटतो, कारण घरी तो लगेच तपासता येतो.

वाळलेल्या टॉवेलचा एक कोपरा दोन्ही हातांत धरून अर्धा मिनिट चोळा, कपडा हाताने धुताना चोळतो तसा. तेवढाच भाग लक्षात येण्याइतका मऊ झाला आणि हाताला काही लागलं नाही, तर टॉवेलला काहीही झालेलं नाही. पाण्याने जोडलेले ते सांधे तुम्ही मोडलेत, एवढंच. ड्रायरमध्ये वाळवलेला टॉवेल मऊ निघतो त्याचं मोठं कारण हेच आहे. आत तो सतत उलटापालटा होतो, म्हणून सांधे जुळायला सवडच मिळत नाही. वाऱ्यावर फडफडत वाळलेला टॉवेलही याच कारणाने बाथरूममधल्या दांडीवर वाळलेल्या टॉवेलपेक्षा मऊ लागतो. अशा टॉवेलवर कुठलंही रसायन खर्च करायची गरज नाही. दोरीवर घालण्याआधी दोन टोकं धरून जोरात झटकायचा, आणि किंचित दमट असतानाच काढून पुन्हा झटकायचा. भर उन्हात संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवायचा नाही.

चोळल्यावर मात्र कोपरा तसाच राठ राहिला, किंवा काळ्या कपड्यावर झटकल्यावर पांढरी बारीक भुकटी पडली, तर प्रकरण वेगळं आहे.

चुनखडी कापडात कशी बसते

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हा जडपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानलाय, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतलाय. सह्याद्रीतल्या धरणांतून येणारं पाणी एकंदरीत मऊ असतं. शहराबाहेरच्या सोसायट्यांच्या बोअरमध्ये मात्र 400-500 चा आकडा काही नवलाचा नाही.

असं पाणी साध्या साबणाला भेटलं की फेस येण्याऐवजी साका तयार होतो. बादलीच्या कडेला चिकटणारा तो राखाडी, मेणचट थर म्हणजे कॅल्शियमचा साबण. तो पाण्यात विरघळत नाही आणि फाशांत अडकून बसतो. पावडर वापरली तर तऱ्हा निराळी होते. आपल्याकडच्या बहुतेक डिटर्जंट पावडरींत धुण्याचा सोडा भरपूर असतो. सोडा जड पाण्यातल्या कॅल्शियमला पकडतो, म्हणून बाकीचं डिटर्जंट नीट काम करू शकतं. पण पकडलेलं कॅल्शियम कुठे जातं? त्याची चुनखडी होते, अगदी बारीक, पिठासारखी. बरीचशी पाण्याबरोबर वाहून जाते, काही कापडात राहते. सदऱ्याच्या सपाट कापडातून ती सहज निघते. टॉवेलच्या फाशांचं जंगल तिला धरून ठेवायला अगदी सोयीचं असतं.

थोडा हिशेब करू. जडपणा 450 असेल आणि मशीनने एका धुण्याला 50 लिटर पाणी घेतलं, तर त्या पाण्यात चुनखडीच्या मापात साडेबावीस ग्रॅम माल असतो. म्हणजे चार चमचे भरतील एवढा, आणि तोही एका धुण्यात. त्यातला अगदी थोडा भाग टॉवेलात राहिला तरी वर्षभरात साठा होतो. याउलट, टॉवेल वाळताना त्यातल्या पाण्याबरोबर आलेले क्षार मागे राहतात म्हणून तो कडक होतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. मशीनमध्ये नीट पिळून निघालेल्या अर्ध्या किलोच्या टॉवेलात साधारण 300 मिली पाणी उरतं. ते वाळलं तर मागे 0.13 ग्रॅम जडपणा राहतो. हाताने पिळलेल्या टॉवेलात पाणी बरंच जास्त उरतं, त्यामुळे क्षारही तेवढेच जास्त. चांगलं पिळण्याचा फायदा होतो तो यामुळे. पण मुख्य थर धुताना बसतो, वाळताना नाही.

तुमचं पाणी जड आहे का, हे अंगाच्या साबणाने कळतं. पारदर्शक बाटली अर्धी भरा, त्यात साबणाचा चिमूटभर कीस टाका आणि जोरात हलवा. भरपूर फेस आला आणि खालचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहिलं तर पाणी मऊ. फेस नावाला आणि पाणी दुधाळ, वर साका तरंगतोय, तर जड. नेमका आकडा हवा असेल तर जडपणा मोजायच्या पट्ट्या मिळतात. टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो विरघळलेल्या सगळ्याच क्षारांचा अंदाज देतो, त्यात कॅल्शियम किती आणि साधं मीठ किती हे त्याला कळत नाही.

कपभर व्हिनेगर कुठे जातं

चुनखडी आम्लात विरघळते, त्यामुळे व्हिनेगरची कल्पना मुळात बरोबरच आहे. चुकतं ते माप. बोअरच्या पाण्यात कॅल्शियमबरोबर बायकार्बोनेटही असतं, आणि ते आम्ल खाऊन टाकतं. तुमचं व्हिनेगर टॉवेलपर्यंत पोचण्याआधी त्याची गाठ पाण्याशीच पडते.

दुकानात मिळणाऱ्या 4 टक्क्यांच्या पांढऱ्या व्हिनेगरचा 200 मिलीचा कप घ्या. त्यात 8 ग्रॅम आम्ल असतं. ते सुमारे पावणेसात ग्रॅम चुनखडीइतक्या अल्कधर्मी मालाला मारू शकतं. आता बोअरच्या पाण्यात आम्ल खाणारा हा माल, म्हणजे अल्कता, चुनखडीच्या मापात लिटरमागे 350 मिलिग्रॅम धरा. असं 20 लिटर पाणी घेतलं तर त्यातच 7 ग्रॅम झाली. म्हणजे एका बादलीनेच अख्खा कप गिळला आणि टॉवेलच्या वाट्याला काहीही उरलं नाही. वरून झाकण उघडणाऱ्या मशीनमध्ये खळबळायला 40 लिटर किंवा त्याहून जास्त पाणी येतं. तिथे कप टाकणं म्हणजे वास बदलण्यापलीकडे काही नाही. धरणाच्या मऊ पाण्यात मात्र खाणारं फारसं कुणी नसतं, त्यामुळे तोच कप तिथे खरंच काम करतो. सल्ला देणारा आणि घेणारा वेगवेगळ्या पाण्यावर राहत असतील तर दोघांचाही अनुभव खरा असू शकतो.

म्हणून जड पाण्यात आम्लाचा उपाय मशीनमध्ये नव्हे, बादलीत करायचा. पाणी कमी, आम्ल जास्त. आणि व्हिनेगरऐवजी सायट्रिक अ‍ॅसिड घ्यायचं, किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं ते. स्वस्त पडतं, घरभर वास येत नाही, आणि मोजायला सोपं.

आत्याचे दोन टॉवेल

माझी आत्या पुण्याच्या जुन्या भागातून शहराबाहेरच्या एका सोसायटीत राहायला गेली. तिथे बोअर आणि उन्हाळ्यात टँकर. सहा-आठ महिन्यांत तिचे टॉवेल पत्र्यासारखे झाले. तिने आधी पावडर वाढवली, मग कंडिशनर सुरू केलं, मग दोन्ही वाढवलं. टॉवेल वरून किंचित गुळगुळीत झाले, पण अंग पुसलं की पाणी अंगावरून नुसतं फिरायचं. मी गेलो तेव्हा ती म्हणाली, "तूच बघ रे, नवे घेतले तरी दोन महिन्यांत हेच."

आम्ही दोन मोठे टॉवेल घेतले, प्रत्येकी अर्ध्या किलोच्या आसपासचे. पट्टीने जडपणा 400 च्या वरच्या रंगात दाखवला. एका कोरड्या टॉवेलवर चमच्याने पाण्याचा थेंब सोडला. तो मण्यासारखा तसाच बसून राहिला. चांगल्या टॉवेलवर तो टेकताक्षणी नाहीसा व्हायला हवा. म्हणजे आत चुनखडी होती आणि वर कंडिशनरचा थर. नुसता जड पाण्याचा दोष असता तर थेंब सावकाश का होईना, आत शिरला असता.

पहिली पायरी आम्लाची. प्लॅस्टिकच्या बादलीत 10 लिटर कोमट पाणी आणि 50 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे साधारण चार सपाट मोठे चमचे. यातलं पाचेक ग्रॅम पाणीच खातं. उरलेलं कागदावर तीसेक ग्रॅम चुनखडी विरघळवू शकतं, प्रत्यक्षात त्याहून कमी, पण दोन टॉवेलांना पुरेसं. पाणी उकळतं घेऊ नका. इथे नेहमीचा अंदाज चुकतो, कारण सायट्रिक अ‍ॅसिडने चुनखडी विरघळली की कॅल्शियम सायट्रेट बनतं, आणि ते गरम पाण्यात जास्त नाही, उलट कमी विरघळतं. फार गरम आणि फार दाट द्रावण केलं तर एक पांढरा माल काढून दुसरा पांढरा माल कापडात बसवल्यासारखं होतं. टॉवेल आधी साध्या पाण्यात भिजवून मग या बादलीत पूर्ण बुडवायचे, आणि तासभर ठेवताना मधूनमधून वरखाली करायचे. पहिल्या काही मिनिटांत फाशांना बारीक बुडबुडे चिकटलेले दिसले तर समजा की चुनखडी होती आणि ती जातेय. आमच्या बादलीत ते भरपूर दिसले, आणि तासाने पाणी गढूळ झालं होतं. ते ओतून टॉवेल दोनदा नीट खळबळले.

दोन गोष्टींची खबरदारी घ्या. हे पाणी शहाबादी, कडप्पा, कोटा किंवा संगमरवरी फरशीवर ओतू नका. हे सगळे चुनखडीचेच दगड आहेत, टॉवेलातली चुनखडी विरघळते तशीच फरशीची झिलई विरघळते आणि कायमचा खरखरीत डाग पडतो. थेट मोरीच्या जाळीत ओता आणि वरून पाणी सोडा. दुसरी खबरदारी याहून गंभीर आहे. कपडे पांढरे करायचं क्लोरीनचं ब्लीच आणि कुठलंही आम्ल कधी एकत्र येऊ द्यायचं नाही, एकाच बादलीत तर नाहीच नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

दुसरी पायरी सोड्याची, आणि ती आम्लानंतरच का, हे सांगायला हवं. फाशांत अडकलेल्या कॅल्शियमच्या साबणातून आम्ल कॅल्शियम काढून घेतं, पण त्यातली चरबी मागे तशीच राहते. म्हणून नुसता आम्लाचा उपाय केलेले टॉवेल कधीकधी मऊ होतात पण हाताला ओशट लागतात. ही चरबी, कंडिशनरचा थर आणि डोक्याच्या तेलाचा अंश हे तिन्ही गरम सोडा आणि डिटर्जंट एकत्र मिळून काढतात. ज्या घरात खोबरेल लावून न्हाण्याची पद्धत आहे तिथे ही पायरी वगळून चालत नाही. आणि आम्ल व सोडा एकाच वेळी टाकू नका. फसफसून ते एकमेकांना निकामी करतात, दिसायला जोरदार आणि कामाला शून्य.

पण थांबा, जड पाण्यात सोडा टाकला की पुन्हा चुनखडी तयार होणार, हे आपण वर पाहिलंय. त्यावर जुना आणि साधा तोडगा आहे: चुनखडी टॉवेल नसतानाच तयार होऊ द्यायची. 10 लिटर पाणी हाताला न सोसेल इतकं गरम करून बादलीत घेतलं, त्यात धुण्याच्या सोड्याचा एक शीग भरलेला मोठा चमचा, म्हणजे पंधरा-वीस ग्रॅम, ढवळून टाकला. पाणी लगेच दुधाळ झालं. झाकून अर्धा तास ठेवल्यावर पांढरा गाळ तळाशी बसला. वरचं नितळ पाणी हलक्या हाताने दुसऱ्या बादलीत काढून घेतलं, तळाचं दोनेक लिटर फेकून दिलं. आता हे पाणी बरंच मऊ झालेलं असतं. त्यात नेहमीपेक्षा थोडं कमी लिक्विड डिटर्जंट घातलं, पाणी निवलं होतं म्हणून पातेलंभर गरम पाणी आणखी वाढवलं, टॉवेल तासभर भिजवून मग हाताने कुस्करले. ही भर थोडीच असल्यामुळे तिच्यातला जडपणा चालून जातो. पाण्याचा रंग चहासारखा झाला. आत्या म्हणाली, "अगं बाई, आणि मी हे रोज तोंडाला लावत होते!"

धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा यांत गल्लत करू नका. खाण्याचा सोडा फार सौम्य असतो, या कामाला तो पुरत नाही. आणि धुण्याच्या सोड्यात हात फार वेळ ठेवू नका, त्वचा कोरडी पडते. हातमोजे घाला.

शेवटी खळबळणं. दोन-तीनदा साध्या पाण्यात, म्हणजे फेस पूर्ण जाईपर्यंत. शेवटच्या 10 लिटर पाण्यात 10 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड टाकलं. यातलं निम्मं पाणीच खातं हे आपल्याला आता माहीत आहे. उरलेलं कापडात राहिलेला सोडा मारतं, म्हणजे तो पुढे जड पाण्याशी भेटून नवी चुनखडी करत नाही. मग टॉवेल मशीनमध्ये नुसते पिळून घेतले, गॅलरीत जोरात झटकले आणि वाऱ्याच्या बाजूला दोरीवर मोकळे सोडले.

वाळल्यावर एक टॉवेल अगदी नव्यासारखा नाही, पण हाताला मऊ झाला, आणि थेंब टाकताच आत गेला. दुसऱ्यावर मधोमध थेंब शिरला, एका बाजूला अजून दोन-तीन सेकंद रेंगाळत होता. तिथे तेलाचा थर जास्त होता, त्यामुळे सोड्याची पायरी त्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा दिली. आम्लाची पुन्हा द्यायची गरज नव्हती.

कंडिशनर मऊ करतं, मग अडचण काय

कंडिशनरमध्ये चरबीसारख्या लांब शेपट्यांचे रेणू असतात. त्यांचं डोकं कापसाला चिकटतं आणि शेपट्या बाहेर राहतात. त्यामुळे तंतू एकमेकांवरून सरकतात, बांधलेल्या पाण्याचे सांधेही जुळत नाहीत, आणि हाताला मऊ लागतं. पण त्याच शेपट्या पाण्याला दूर ठेवतात. साडीला, सदऱ्याला हे चालतं, कारण त्यांच्याकडून पाणी टिपायची अपेक्षा नसते. टॉवेलला अगदी थोडं, क्वचित कधी दिलं तर फार बिघडत नाही. दर धुण्याला दिलं तर थर साचतो, आणि जड पाण्यातल्या चुनखडीवर हा थर बसला की आत्याच्या टॉवेलसारखी दुहेरी गत होते. कोरा करकरीत नवा टॉवेल पहिल्या दिवशी नीट पुसत नाही त्यामागेही असाच प्रकार असतो. दुकानात हाताला मऊ लागावा म्हणून कारखान्यात त्यावर मुलायम करणारा थर दिलेला असतो. वापरायच्या आधी एकदोनदा कोमट पाण्यात धुतला की तो उतरतो.

पावडर वाढवणं हा असाच उलटा उपाय. जड पाण्यात थोडी जास्त लागते हे खरं, पण खळबळायला पाणी तेवढंच असेल तर जादा पावडर टॉवेलातच राहते. समोरून दार उघडणाऱ्या मशीन पाणी कमी घेतात, त्यांत हे जास्त घडतं. संशय आला तर धुतलेला टॉवेल गरम पाण्याच्या बादलीत नुसता खळबळा. काही न टाकता फेस आला, तर पुढच्या वेळी पावडर कमी करा आणि टॉवेलांसाठी एक जादा खळबळणं लावा. ड्रम गच्च भरू नका. टॉवेल एकमेकांवर आपटायला जागा असली तरच फाशांतला माल सुटतो.

घरात तुरटी असते म्हणून ती टाकणारेही भेटतात. तुरटी गढूळपणा खाली बसवते, जडपणा तिला कमी करता येत नाही. मिठाचंही तेच. आणि पिण्याच्या पाण्याच्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून त्यात टॉवेल भिजवत असाल, तर ते लगेच बंद करा. यंत्राने गाळून काढलेले क्षार त्याच पाण्यात जातात, म्हणजे ते तुमच्या बोअरपेक्षाही जड असतं. लादी पुसायला, संडासात ओतायला ते ठीक. मऊ पाणी हवं असेल तर पावसाळ्यात गच्चीवरून धरलेलं पाणी उत्तम. सोड्याच्या पायरीसाठी ते मिळालं तर नितळायचा खटाटोपही वाचतो. अडचण एवढीच की त्या दिवसांत टॉवेल लवकर वाळत नाही आणि कुबट वास धरतो. त्यामुळे हे मोठं काम पावसाने उघडीप दिलेल्या दिवशी काढावं.

एकदा टॉवेल ताळ्यावर आल्यावर बोअरच्या पाण्याच्या घरात आम्लाची बादली दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरते. चोळून कोपरा मऊ होत नाही असं वाटलं की समजायचं, वेळ झाली. सोड्याची बादली थेंब रेंगाळायला लागला की. सायट्रिक अ‍ॅसिड प्रत्येक धुण्याला मशीनमध्ये ओतत राहू नका. जड पाण्यात ते वाया जातं, आणि आम्लाच्या रोजच्या माऱ्याने मशीनचे रबरी भाग लवकर खराब होऊ शकतात.

ज्यांना हा उद्योगच नको आहे त्यांच्यासाठी पंचा आहे. त्याला फासे नाहीत, विणकाम विरळ आहे, त्यामुळे चुनखडीला अडकून बसायला जागा कमी आणि वाळायला वेळही कमी. तो थोडा कडक झाला तरी दोनदा झटकला की कामाला येतो. मोठ्या न्हाण्याला एकाऐवजी दोन लागतात, ही त्याची उणी बाजू.

काही टॉवेल मात्र कशानेही परत येत नाहीत, आणि ते आधीच ओळखले तर वेळ वाचतो. उजेडात धरून पाहा. फासे झिजून खालचं सपाट कापड दिसत असेल, किंवा फाशांची टोकं तुटून केसाळ झाली असतील, तर बुजलेल्या फटी मोकळ्या करायला तिथे फटीच उरलेल्या नाहीत. दगडावर धोपटून आणि कडक ब्रशने घासून हे लवकर होतं. वारंवार ब्लीच दिलेला पांढरा टॉवेल आणखी फसवा असतो. दिसायला छान, पण ब्लीचने कापसाचे रेणूच तुटलेले असतात, तंतू ठिसूळ होतो आणि ओला असताना दोन बोटांत ओढला तर कापड फाटतं. तशा टॉवेलला आम्लाच्या बादलीत घालू नका, आणखी लवकर विरेल. त्याचे चौकोन कापून ओट्याला वापरा, आणि नव्या टॉवेलची पहिली दोन धुणी कंडिशनरशिवाय करा.